हिटस्कॅन की प्रोजेक्टाइल? नेम कुठे धरायचा याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची बहुतेक उदाहरणे टीम फोर्ट्रेस २ मधली आहेत. त्या खेळात दोन्ही प्रकारची शस्त्रे एकाच मैदानात वापरली जातात, प्रत्येक पात्राचा धावण्याचा वेग ठरलेला आहे आणि सगळे आकडे एकाच मापात, म्हणजे खेळाच्या युनिटमध्ये, मिळतात. त्यामुळे हिशेब प्रत्यक्ष करून पाहता येतो. सीएस २, व्हॅलोरंट, ओव्हरवॉच आणि बीजीएमआय जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

हिटस्कॅन म्हणजे नेमके काय?

तुम्ही बटण दाबता त्या क्षणी खेळाचे इंजिन तुमच्या नजरेच्या दिशेने एक सरळ रेषा टाकते. त्या रेषेत सर्वांत आधी जे येईल, मग ती भिंत असो, पेटी असो की समोरचा खेळाडू, त्याला गोळी लागली असे धरले जाते. हे सगळे एकाच टिकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या एकाच हिशेबात, उरकते. गोळी नावाची वस्तू खेळाच्या जगात तयारच होत नाही, त्यामुळे तिला वेग नसतो, वजन नसते आणि वाटेत तिचे काही होऊ शकत नाही.

ही रेषा बंदुकीच्या नळीतून निघत नाही, तुमच्या डोळ्यांच्या जागेवरून निघते. पडद्यावर बंदूक उजवीकडे खाली दिसते ते फक्त चित्र. म्हणून कोपऱ्याआडून डोकावताना नळी भिंतीत शिरलेली दिसली तरी क्रॉसहेअर मोकळा असेल तर गोळी लागते. उलटही खरे आहे: डोळ्यांसमोर कठडा असेल आणि नळी त्याच्या वर दिसत असेल, तर गोळी कठड्यालाच लागणार.

टीम फोर्ट्रेस २ मध्ये स्काउटची स्कॅटरगन, हेवीची मिनीगन, स्नायपरची रायफल, पिस्तुले आणि साधी शॉटगन हिटस्कॅन आहेत. सीएस २ आणि व्हॅलोरंट या दोन्हींतल्या बंदुका हिटस्कॅनच आहेत.

आणि प्रोजेक्टाइल?

इथे बटण दाबल्यावर एक खरी वस्तू जन्माला येते. तिला जागा असते, दिशा असते, वेग असतो. सर्व्हर प्रत्येक टिकला तिला थोडे पुढे सरकवतो आणि तेवढ्या पट्ट्यात ती कशाला धडकली का ते तपासतो. टीम फोर्ट्रेस २ चा सर्व्हर एका सेकंदात सुमारे ६६ टिक चालवतो, म्हणजे एक टिक १५ मिलिसेकंदांची. सोल्जरच्या रॉकेटचा वेग सेकंदाला ११०० युनिट आहे, म्हणून रॉकेट दर टिकला साडेसोळा युनिट पुढे जाते.

वस्तू खरी असल्यामुळे तिच्या बाबतीत अशा गोष्टी घडू शकतात ज्या हिटस्कॅनमध्ये शक्यच नाहीत. ती येताना दिसते, तिला चुकवता येते, पायरो हवेचा झोत मारून ती परत तुमच्याकडे पाठवू शकतो, तुमच्याच संघातला कुणी आडवा आला तर काही खेळांत ती त्याच्यावर आदळते. मिनीगनची गोळी पायरोला परतवता येत नाही, कारण परतवायला काही असतच नाही.

गोळीमागे चमकणारी रेषा उडताना दिसते. मग ती प्रोजेक्टाइल नाही का?

नाही. ती रेषा म्हणजे ट्रेसर, आणि हिटस्कॅन शस्त्रांत तो फक्त शोभेचा असतो. निकाल आधीच लागलेला असतो, ट्रेसर त्यानंतर नळीपासून लागलेल्या जागेपर्यंत काढला जातो. टीम फोर्ट्रेस २ मध्ये मिनीगनचे ट्रेसर इतके ठळक दिसतात की नवे खेळाडू त्यांच्याकडे पाहून नेम सरकवू लागतात. ट्रेसर नळीतून निघतो आणि गोळीची खरी रेषा डोळ्यांतून, त्यामुळे जवळच्या अंतरावर तो तिरका जाताना दिसतो. नजर क्रॉसहेअरवर आणि समोरच्या खेळाडूवरच ठेवायची.

एखादे शस्त्र कोणत्या प्रकारचे आहे हे घरबसल्या कसे तपासायचे?

सराव मैदानात जा. आधी भिंतीपासून अगदी जवळ, दोन-चार पावलांवर, उभे राहून एक गोळी झाडा. मग त्याच भिंतीपासून शक्य तितके लांब जाऊन दुसरी झाडा. दोन्ही वेळी पडदा रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे नेत पाहा. साठ फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. बटण दाबल्यापासून भिंतीवर खूण उमटेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते दोन्ही वेळा मोजा.

इथे एक चूक हमखास होते. काही खेळ सर्व्हरने होकार दिल्याशिवाय खूण दाखवत नाहीत, त्यामुळे हिटस्कॅन शस्त्रालाही तीन-चार फ्रेम लागू शकतात. ते पाहून लोक त्याला प्रोजेक्टाइल ठरवतात. पाहायचा असतो तो जवळच्या आणि लांबच्या मोजणीतला फरक. दोन्हीकडे सारख्याच फ्रेम गेल्या तर हिटस्कॅन. अंतराबरोबर फ्रेम वाढल्या तर प्रोजेक्टाइल, आणि त्या वाढीवरून वेगही काढता येतो.

झटपट परीक्षा हवी असेल तर लांबच्या भिंतीवर गोळी झाडून लगेच माउस बाजूला फिरवा. खूण आधीच उमटलेली असेल तर बहुधा हिटस्कॅन, माउस फिरल्यावर उमटली तर बहुधा प्रोजेक्टाइल. काही खेळांत आग ओकणारी शस्त्रे किंवा किरण यांचा प्रकार नावावरून कळत नाही, तिथेही कडेच्या नजरेने खूण केव्हा उमटते ते पाहून अंदाज येतो. पण खात्रीसाठी फ्रेम मोजणेच बरे.

हिटस्कॅनने धावत्या माणसाच्या पुढे नेम धरायचा की त्याच्यावरच?

त्याच्यावरच. अगदी थेट.

याचे कारण लॅग कॉम्पेन्सेशन. तुमच्या पडद्यावर समोरचा खेळाडू जिथे दिसतो ती त्याची थोडी जुनी जागा असते, कारण सर्व्हरकडून माहिती यायला वेळ लागतो आणि तुमचा संगणक हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून चित्र आणखी थोडे मागे ठेवतो. तुमची गोळी सर्व्हरवर पोहोचली की तो हा सगळा उशीर मोजतो, बाकीच्या खेळाडूंना तेवढा वेळ मागे नेतो, तुम्ही पाहत होता ते चित्र पुन्हा उभे करतो आणि मग रेषा टाकतो. म्हणून पिंग ३० असो वा १२०, क्रॉसहेअर अंगावर असेल तर गोळी लागते.

बीजीएमआयमध्ये बरीच वर्षे घालवून सीएस २ किंवा व्हॅलोरंटकडे वळणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण इथेच असते. धावत्या माणसाच्या किंचित पुढे नेम धरण्याची सवय हातात बसलेली असते आणि नव्या खेळात प्रत्येक पहिली गोळी नाकासमोरून निघून जाते. नेम हुकतो आहे की सवय आड येते आहे हे ओळखायचे तर रेकॉर्डिंगमध्ये बटण दाबलेली फ्रेम शोधा. क्रॉसहेअर दर वेळी धावण्याच्याच बाजूला पुढे असेल तर ती जुनी सवय. कधी पुढे, कधी मागे असेल तर तो नेमाचा प्रश्न.

लॅग कॉम्पेन्सेशनची किंमत मारला जाणारा मोजतो. तुम्ही भिंतीआड पोहोचलात आणि तरीही मेलात, असे होते तेव्हा बहुधा समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होता आणि सर्व्हरने त्याचे चित्र खरे मानलेले असते.

म्हणजे हिटस्कॅनला कधीच लीड, म्हणजे पुढे धरलेला नेम, द्यावा लागत नाही?

सर्व्हर मागे जाऊन पाहत नसेल तर द्यावा लागतो. १९९९ च्या क्वेक ३ अरेनामध्ये मुळात लॅग कॉम्पेन्सेशन नव्हते. रेलगन पूर्ण हिटस्कॅन, पण सर्व्हर गोळी पोहोचल्याच्या क्षणी खेळाडू जिथे आहे तिथेच तपासायचा. त्या खेळात साधा धावण्याचा वेग सेकंदाला ३२० युनिट आणि खेळाडूच्या चौकटीची रुंदी ३० युनिट. पिंग १०० असेल तर तेवढ्यात समोरचा ३२ युनिट सरकतो, म्हणजे जवळपास अख्ख्या शरीराएवढा. रेलगनवाले पिंगच्या हिशेबाने पुढे नेम धरायचे ते यामुळे. पुढे अनलॅग्ड नावाच्या मॉडने हा प्रश्न सोडवला. जुन्या खेळाच्या खासगी सर्व्हरवर गेलात आणि नेम बरोबर असूनही गोळ्या लागेनात, तर आधी सर्व्हरवर ही सोय आहे का ते पाहा.

प्रोजेक्टाइलसाठी किती पुढे नेम धरायचा? काही सूत्र आहे का?

आहे, आणि त्यातून निघणारी गोष्ट बहुतेकांना अनपेक्षित वाटते. गुरुत्वाकर्षणाने खाली न येणाऱ्या प्रोजेक्टाइलसाठी लीडचा कोन अंतरावर अवलंबून नसतो.

समजा स्काउट तुमच्यासमोरून आडवा धावतो आहे. त्याचा वेग सेकंदाला ४०० युनिट, रॉकेटचा ११००. रॉकेट पोहोचायला जितका वेळ लागेल तितकाच वेळ स्काउटही धावतो. अंतर दुप्पट झाले तर रॉकेटला दुप्पट वेळ लागतो आणि स्काउटही दुप्पट पुढे जातो. त्रिकोण मोठा होतो, पण त्याचा आकार तोच राहतो, म्हणून कोनही तोच राहतो.

```
sin(lead) = (target speed / projectile speed) * sin(phi)
```

इथे `phi` म्हणजे समोरच्याची धावण्याची दिशा आणि तुमच्या-त्याच्यामधली रेषा यांतला कोन. अगदी आडवा धावत असेल तर तो ९० अंश. स्काउटसाठी ४०० भागिले ११०० म्हणजे ०.३६, आणि लीडचा कोन येतो सुमारे २१ अंश. हेवी साधारण २३० युनिटने चालतो, त्याच्यासाठी कोन १२ अंश. डायरेक्ट हिट हा रॉकेट लाँचर ८० टक्के जास्त वेगाने, म्हणजे १९८० युनिटने, रॉकेट सोडतो. त्याने स्काउटला मारायचे तर कोन पुन्हा १२ अंशांच्या आतच येतो. डायरेक्ट हिटने धावता स्काउट टिपणे हे साध्या लाँचरने हेवी टिपण्याइतकेच लीड मागते असे म्हणता येईल.

अंश ठीक, पण पडद्यावर ते किती दिसतात?

१९२० बाय १०८० चा पडदा आणि `fov_desired 90` असेल तर २१ अंश म्हणजे पडद्याच्या मध्यापासून सुमारे २८० पिक्सेल. हेवीसाठीचे १२ अंश म्हणजे दीडशेच्या आसपास. स्काउट तिरका, ४५ अंशांत तुमच्याकडे येत असेल तर कोन १५ अंशांवर येतो आणि अंतर १९० पिक्सेलच्या जवळ. सरळ तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर धावत असेल तर लीड शून्य.

नीट पाहा: रॉकेट सोडताना क्रॉसहेअर मोकळ्या जागेवर असतो आणि स्काउट त्याच्या मागे, पडद्याच्या मध्यापासून जवळपास चार बोटे लांब दिसतो. नव्या सोल्जरला हे चुकीचे वाटते. तो नकळत क्रॉसहेअर माणसाकडे खेचतो, लीड अर्धाच देतो आणि रॉकेट पाठीमागून निघून जाते. दोनशे ऐंशी पिक्सेल किती ते एकदा पडद्यावर मोजपट्टीने पाहून ठेवले तर डोळ्यांना पटते.

`fov_desired` बदलला की हे पिक्सेल बदलतात. ७५ वर तोच कोन पडद्यावर मोठा दिसतो. म्हणून सराव सुरू केल्यावर हा आकडा वारंवार बदलू नका.

कोन तोच राहतो, मग लांबून रॉकेट का लागत नाही?

कारण समोरचा सरळ धावत राहत नाही. सूत्र गृहीत धरते की रॉकेट पोहोचेपर्यंत त्याची दिशा आणि वेग बदलणार नाही. २२० युनिटवरून सोडलेले रॉकेट ०.२ सेकंदात पोहोचते, तेवढ्यात माणसाला पाहून प्रतिसाद देणे जेमतेम जमते. ५५० युनिटवर अर्धा सेकंद मिळतो. स्काउट अर्ध्या सेकंदात २०० युनिट जाऊ शकतो, आणि खेळाडूची चौकट साधारण ४८ युनिट रुंद आहे. म्हणजे तो चार शरीरे डावीकडे किंवा चार शरीरे उजवीकडे, किंवा मध्ये कुठेही असू शकतो. ११०० युनिटवर पूर्ण सेकंद, आणि मग तुम्ही फक्त अंदाज बांधत असता.

या एका गोष्टीमुळे दोन्ही प्रकारांची अवघड जागा उलटी पडते. हिटस्कॅनला लांबचा माणूस लहान दिसतो, पण पडद्यावर हळू सरकतो. हजार युनिटवरचा आडवा स्काउट सेकंदाला साधारण २३ अंश फिरवायला लावतो. तोच दोनशे युनिटवर आला की सेकंदाला शंभर अंशांच्याही वर, आणि हात त्याच्यामागे पुरा पडत नाही. प्रोजेक्टाइलला जवळचा माणूस सोपा, कारण त्याला निर्णय बदलायला वेळच नसतो. लांबचा अवघड, कारण त्याला सगळे दिसत असते. सोल्जर स्काउटच्या अंगावर चाल करून जातो आणि स्काउट मधले अंतर राखू पाहतो, यामागे हेच गणित आहे.

डावी-उजवीकडे सतत नाचणाऱ्याला रॉकेट कसे मारायचे?

त्याच्या सध्याच्या वेगावरून पूर्ण लीड देऊ नका. समजा तो दर ०.४ सेकंदाला दिशा बदलतो आणि तुमचे रॉकेट अर्ध्या सेकंदाने पोहोचणार आहे. रॉकेट पोहोचेल तेव्हा तो नक्की दिशा बदललेला असेल, म्हणून पूर्ण लीडची जागा हमखास रिकामी राहणार. अशा वेळी तो ज्या पट्ट्यात नाचतो त्याच्या मध्यावर नेम धरणे जास्त फायद्याचे, कारण प्रत्येक फेरीत तो तिथूनच जातो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे त्याच्या पायांजवळच्या जमिनीवर मारणे. रॉकेटच्या स्फोटाची त्रिज्या १४६ युनिट आहे आणि कडेला गेल्यावरही साधारण निम्मे नुकसान होते. ४८ युनिटच्या शरीराला थेट मारण्याऐवजी तुम्ही जवळपास तीनशे युनिट रुंद वर्तुळात त्याला पकडता. छातीवर नेम धरून हुकलेले रॉकेट मागे लांब कुठेतरी फुटते आणि वाया जाते. पायाशी हुकलेले रॉकेट काहीतरी पदरात टाकतेच, शिवाय स्फोटाने त्याला हवेत उडवते. डायरेक्ट हिटला हा आधार नाही, त्याच्या स्फोटाची त्रिज्या ७० टक्के कमी आहे. वेगाच्या बदल्यात तेवढे द्यावे लागते.

आणि तो उडाला, किंवा स्वतः उडी मारली, की थांबा. जमिनीवरून मारलेली साधी उडी सुमारे ०.७ सेकंद हवेत राहते आणि त्या वेळात दिशा फारशी वळवता येत नाही. तो जिथे उतरणार त्या जमिनीवर, उतरण्याच्या क्षणी पोहोचेल असे रॉकेट सोडा. उडीच्या सर्वोच्च जागी असताना सोडलेले रॉकेट ३५० ते ४०० युनिटवरून अगदी वेळेत पोहोचते. स्काउट हवेत दुसरी उडी मारू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत दुसऱ्या उडीची वाट पाहायची. घाईने पहिलीवर सोडलेले रॉकेट त्याला हवेच असते.

माझा लीड बरोबर असतो, तरी ऑनलाइन रॉकेट मागे पडते. सराव मैदानात मात्र लागते. असे का?

टीम फोर्ट्रेस २ मध्ये लॅग कॉम्पेन्सेशन हिटस्कॅनला मिळते, रॉकेटला मिळत नाही. सर्व्हर रॉकेट तुमची आज्ञा पोहोचेल तेव्हा, त्या क्षणाच्या खऱ्या जगात सोडतो. तुम्ही जे चित्र पाहून नेम धरला ते जुने असते, आणि आज्ञा पोहोचायलाही वेळ जातो. दोन्ही मिळून उशीर होतो पूर्ण पिंग अधिक इंटरपोलेशनचा वेळ, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून संगणक चित्र जितके मागे ठेवतो तेवढा.

पिंग ८० आणि इंटरपोलेशन ३० मिलिसेकंद धरले तर एकूण ०.११ सेकंद. तेवढ्यात स्काउट ४४ युनिट सरकतो, म्हणजे जवळपास एक शरीर. सराव मैदानात तुमच्याच संगणकावर पिंग जवळजवळ शून्य असतो, म्हणून तिथे शिकलेला लीड ऑनलाइन कमी पडतो. हे जास्तीचे अंतर मात्र कोनात स्थिर नसते. एक शरीर जवळून मोठे दिसते, लांबून छोटे. म्हणून ते लक्षात ठेवायची सोपी पद्धत अशी: सूत्राचा लीड द्या आणि वर समोरच्याच्या एका अंगाएवढी भर घाला. पिंग ४० असेल तर अर्ध्या अंगाची, दीडशे असेल तर जवळपास दीड अंगाची.

तुमचा इंटरपोलेशनचा वेळ `net_graph 1` चालू केल्यावर `lerp` या नावाने दिसतो. खेळाचे मूळ सेटिंग १०० मिलिसेकंदांचे आहे, आणि ते रॉकेटवाल्याला विनाकारण महाग पडते. सर्व्हरमध्ये शिरण्याआधी कन्सोलमध्ये हे टाका:

```
cl_updaterate 66
cl_cmdrate 66
cl_interp 0
cl_interp_ratio 1
```

यात इंटरपोलेशन सुमारे १५ मिलिसेकंदांवर येते. तुमच्या जोडणीत पॅकेट गळत असतील तर इतक्या कमी वेळात समोरचे खेळाडू धक्के खात सरकताना दिसतील. मग `cl_interp_ratio 2` करा, वेळ ३० होईल. हिटस्कॅन खेळणाऱ्याने २ च ठेवलेले बरे. त्याचा उशीर सर्व्हर भरून काढतोच, त्याला हवी असते ती गुळगुळीत हालचाल.

रॉकेट उजव्या कोपऱ्यावर आपटून फुटते. क्रॉसहेअर तर मोकळा असतो!

हिटस्कॅनची रेषा डोळ्यांतून निघते, पण साध्या लाँचरचे रॉकेट उजव्या खांद्याजवळून निघते आणि क्रॉसहेअरच्या जागेकडे तिरके जाते. उजवीकडे भिंत असलेल्या कोपऱ्यातून डोकावताना तुमचे डोळे बाहेर आणि खांदा अजून आत, म्हणून ते भिंतीला घासते. असा कोपरा असेल तर पूर्ण बाहेर पडून मारा, किंवा डावीकडे भिंत येईल अशी बाजू निवडा. `cl_flipviewmodels 1` केल्यास शस्त्र डाव्या हातात जाते आणि रॉकेटही डावीकडून निघते. दि ओरिजिनल नावाचा लाँचर मधून मारतो, त्याला दोन्ही कोपरे सारखेच.

बीजीएमआयमधल्या बंदुकांच्या गोळ्या प्रोजेक्टाइल आहेत, मग जवळून लीड का लागत नाही?

गोळी फार वेगवान आहे म्हणून. हिशेबापुरते धरा की गोळी सेकंदाला ८८० मीटरने जाते आणि समोरचा सेकंदाला ६ मीटरने आडवा पळतो. ३० मीटरवर गोळीला ०.०३४ सेकंद लागतात, तेवढ्यात तो सुमारे २० सेंटिमीटर सरकतो. छातीच्या मध्यावर धरलेला नेम छातीच्या कडेला लागतो, पण लागतो. ३०० मीटरवर तोच माणूस दोन मीटर पुढे गेलेला असतो आणि गोळी थेट मागून जाते.

कुठपर्यंत थेट नेम चालेल हे काढायचे तर शरीराच्या निम्म्या रुंदीला त्याच्या वेगाने भागा आणि गोळीच्या वेगाने गुणा. पाव मीटर भागिले ६, गुणिले ८८०, उत्तर सुमारे ३७ मीटर. तेवढ्या अंतरापर्यंत बंदूक हिटस्कॅनसारखीच वापरा. सबमशीनगनची गोळी याच्या निम्म्या वेगाची असेल तर हे अंतरही निम्मे होते. हवेच्या अडथळ्याने गोळी वाटेत मंदावते, म्हणून लांबचा खरा लीड हिशेबापेक्षा थोडा जास्तच लागतो.

इथे एक गोष्ट रॉकेटपेक्षा वेगळी आहे. गोळी खाली येते, आणि हे खाली येणे वेळेच्या वर्गाने वाढते. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट. म्हणून आडवा लीड कोनात जवळपास स्थिर राहतो, पण उभा नेम प्रत्येक अंतराला वेगळा. दोन्ही एकाच वेळी शिकायला गेलात तर गोळी का हुकली ते कळत नाही. आधी सराव मैदानातल्या स्थिर फळ्यांवर फक्त घसरण पक्की करा. मग धावत्या माणसाकडे वळा.

प्रोजेक्टाइलला डोक्यावर नेम धरून उपयोग होतो का?

खेळ टक्कर कशाशी तपासतो यावर ते ठरते. टीम फोर्ट्रेस २ चे रॉकेट खेळाडूभोवतीच्या चौकोनी चौकटीशी तपासले जाते, त्यात डोके वेगळे नसतेच. स्नायपरच्या हंट्समन धनुष्याचा बाण मात्र डोके ओळखतो. हिटस्कॅन गोळ्या शरीराच्या भागांनुसार बसवलेल्या हिटबॉक्सशी तपासल्या जातात, आणि गोळीला जाडी नसते. प्रोजेक्टाइलला बहुधा जाडी दिलेली असते. ओव्हरवॉच २ ने २०२४ मधल्या नवव्या सीझनमध्ये गोळ्या आणि प्रोजेक्टाइलचे आकार वाढवले, तेव्हा एकाच दिवसात हुकणारे कितीतरी नेम लागू लागले. नवा खेळ हाती घेताना वेगाइतकीच ही जाडीही शोधून ठेवावी.

हिटस्कॅन आहे, क्रॉसहेअर डोक्यावर आहे, तरी गोळी हुकली. कसे?

रेषेची दिशाच बदललेली असते. हिटस्कॅन म्हणजे वेळ लागत नाही एवढेच, अचूकता त्यात गृहीत नाही. सीएस २ मध्ये धावताना किंवा सलग गोळ्या झाडताना इंजिन रेषेला मुद्दाम थोडे वाकडे करते. गोळी त्याच क्षणी पोहोचते, पण दुसरीकडे. खासगी सर्व्हरवर `sv_cheats 1` आणि मग `sv_showimpacts 1` केले की गोळी कुठे लागली ते चौकोनांनी दिसते. उभे राहून एकेक गोळी झाडा, मग चालत झाडा, आणि चौकोनांचा पसारा पाहा. उभ्याने गोळ्या एकवटत असतील आणि चालताना विखुरत असतील तर माउसला दोष देण्यात अर्थ नाही, थांबून मारायला शिका.

दोन्हींचा सराव एकत्र करावा का?

वेगवेगळा करावा, कारण डोळ्यांचे काम वेगळे आहे. हिटस्कॅनच्या सरावात नजर समोरच्यावर चिकटलेली हवी आणि हाताने तिच्यामागे जायचे. तो ज्या बाजूला सरकतो त्याच बाजूला स्वतःही सरकलात तर माउस कमी हलवावा लागतो, जवळच्या लढाईत याचा फार आधार होतो. रॉकेटच्या सरावात नजर समोरच्याच्या वाटेवर, तो उतरणार त्या जमिनीवर हवी.

टीम फोर्ट्रेस २ मध्ये `tr_walkway` हा सराव नकाशा यासाठी उत्तम आहे. बॉट समोरून चालत येतात आणि त्यांची हालचाल तुम्ही ठरवता. आधी सरळ आडवे चालणारे बॉट घेऊन फक्त लीड बसवा. पायांवर मारलेली रॉकेट दहापैकी सात-आठ वेळा थेट लागू लागली की त्यांना नाचायला लावा. माउसची सेन्सिटिव्हिटी दोन्हींसाठी एकच ठेवा. रॉकेटला वेगळी ठेवली तर शॉटगन काढल्यावर हात चुकतो, आणि सोल्जरला एकाच लढाईत दोन्ही लागतात: रॉकेटने हवेत उडवायचे आणि तो खाली यायच्या आत शॉटगनने संपवायचे. त्या दुसऱ्या नेमात लीड शून्य असतो, हे हाताला आठवायला हवे.